स्लाइडच्या तळाची एक ओळ

२०११ साली महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती होत्या? या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत, ८८३ आणि ८९४. दोन्ही जनगणनेचीच. स्त्रीभ्रूणहत्येवरच्या किंवा आरोग्यावरच्या व्याख्यानांमध्ये हे दोन्ही आकडे पडद्यावर झळकत असतात, आणि दोन्ही वेळा स्लाइडच्या तळाशी अगदी तीच ओळ असते: ‘स्रोत: जनगणना २०११’. ती ओळ खोटी नाही. पण समोरच्या माणसाने दोन्ही व्याख्यानं ऐकली असतील, तर कुठला वक्ता बरोबर हे ठरवायला तिचा काडीचा उपयोग होत नाही.

घरोघरची गणना ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली. महिनाभराने, ३१ मार्चला, तात्पुरते आकडे जाहीर झाले. प्रगणकांनी आपापल्या गटाची बेरीज करून वर पाठवायची, ती वरच्या पायऱ्यांवर मिळवत जायची, आणि देशाचा आकडा तयार व्हायचा, अशी ती पद्धत. त्या बेरजेत महाराष्ट्राचं बाल लिंगगुणोत्तर ८८३ आलं. पुढे प्रत्येक अर्ज संगणकावर वाचून पक्की मोजणी झाली आणि २०१३ साली प्राथमिक जनगणना गोषवारा निघाला. त्यात ८९४ आहे. आता २००१ चा आकडा होता ९१३. म्हणजे पहिला आकडा घेणारा वक्ता दहा वर्षांत ३० ची घसरण दाखवतो आणि दुसरा १९ ची. आलेखावर काढलं, तर पहिली रेघ घसरगुंडीसारखी आणि दुसरी उतारासारखी. घसरण दोन्हींत आहे, पण ती दीडपटीहून जास्त सांगितली गेली तर ऐकणाऱ्याच्या मनात वेगळंच चित्र उभं राहतं. आणि हे सगळं टाळायला ओळीत एक शब्द पुरला असता: ‘अंतिम’.

स्रोताची ओळ ही कृतज्ञतेपोटी लिहायची गोष्ट आहे, असा आपल्याकडे एक समज आहे. कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानतात तसं संस्थेचं नाव घेतलं की झालं. खरं तर ती ओळ पत्ता असते. वाचणाऱ्याला त्या पत्त्यावर जाऊन तोच आकडा हातात घेता आला पाहिजे. म्हणून तिच्यात नुसतं ‘कोणी मोजलं’ असून भागत नाही. ‘कुठल्या तक्त्यात’, ‘कुठल्या वेळचं’ आणि ‘मी त्यावर काय केलं’ हेही लागतं. यातला शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा गळतो. ८९४ जनगणनेने मोजलं, पण ‘१९ ने घट’ ही वजाबाकी वक्त्याची आहे, जनगणनेच्या माथी ती मारता येत नाही. आपल्या स्लाइडची ओळ मग अशी होते:

स्रोत: जनगणना २००१, २०११ (अंतिम), प्राथमिक गोषवारा. घट: वक्त्याची आकडेमोड.

दहा-बारा शब्द. याहून लांब ओळ स्लाइडवर टाकू नये आणि तशी गरजही नसते. संकेतस्थळाचा पत्ता इथे अजिबात लिहायचा नाही. तिरक्या रेघा, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं यांनी भरलेली ती दोन ओळींची माळ कोणी टाइप करून बघत नाही, आणि पडद्यावर मात्र पहिली नजर तिच्यावरच जाते. छोटे केलेले दुवे दिसायला बरे असतात, पण ते कुठे नेणार हे दिसत नाही आणि दोन वर्षांनी ते चालतीलच याची खात्री नसते.

मग सविस्तर संदर्भ कुठे जातो? तो जातो स्लाइडच्या खालच्या ‘नोट्स’मध्ये आणि सादरीकरणाच्या शेवटच्या स्लाइडवर. तिथे हवं तितकं लिहावं: भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त यांचं कार्यालय, जनगणना २०११, प्राथमिक जनगणना गोषवारा, महाराष्ट्र, फाइल कुठून आणि कुठल्या तारखेला उतरवली, आणि हिशोब कसा केला. त्या गोषवाऱ्याच्या फाइलमध्ये शून्य ते सहा वयोगटासाठी `M_06` आणि `F_06` असे दोन रकाने असतात. गुणोत्तर त्यांच्यावरून निघतं:

```
F_06 / M_06 * 1000
```

एवढं लिहून ठेवलं की सहा महिन्यांनी कुणी प्रश्न विचारला, तर दोन मिनिटांत आकडा पुन्हा काढून दाखवता येतो. स्वतः वक्त्यालाच याचा सर्वांत जास्त उपयोग होतो, कारण आपण हा आकडा कुठून उचलला होता हे आठवण्यात जेवढा वेळ जातो तेवढा बाकी कशात जात नसेल.

तळाला छोटी ओळ आणि मागे सविस्तर नोंद, अशी ही दुमजली व्यवस्था. यावर एक आक्षेप नेहमी येतो. शेवटी संदर्भांची स्लाइड आहेच, मग प्रत्येक स्लाइडवर ओळ कशाला? छापील पुस्तकात हा युक्तिवाद चालतो, कारण पुस्तकाची पानं एकत्र बांधलेली असतात. स्लाइडचं तसं नाही. व्याख्यान चालू असताना लोक मोबाइल वर करून फोटो काढतात, आणि तो एकटा फोटो संध्याकाळपर्यंत तीन व्हॉट्सअ‍ॅप गटांत पोचलेला असतो. त्याच्यासोबत ना वक्त्याचा आवाज जातो, ना शेवटची स्लाइड. तेव्हा ‘८९४’ हा आकडा नुसता फिरत राहिला तर काय होईल बघा. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याचं बाल लिंगगुणोत्तरही ८९४ च होतं. २०११ मध्ये ते तात्पुरत्या आकड्यांत ८०१ आणि अंतिम आकड्यांत ८०७ झालं. म्हणजे एकच तीन अंकी संख्या, एकदा जिल्ह्याची आणि एकदा राज्याची, दहा वर्षांच्या अंतराने. तळाची ओळ फोटोत आली असेल तरच हा गुंता सुटतो. म्हणूनच ती ओळ आलेखाच्या जवळ हवी, फोटो काढणाऱ्याच्या चौकटीत आपोआप येईल इतकी जवळ.

आता जागेचा प्रश्न. पॉवरपॉइंटची हल्लीची रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ सेंटिमीटर उंच असते. तळाला सव्वा सेंटिमीटरची पट्टी स्रोतासाठी राखली तर उंचीचा पंधरावा हिस्सा जातो, त्याहून जास्त देण्याची गरज नाही. ओळ डावीकडून सुरू करावी, आलेखाची डावी कड जिथे असेल त्याच रेषेत. मधोमध घेतलेली ओळ प्रत्येक स्लाइडवर वेगळ्या ठिकाणी सुरू होते आणि स्लाइड बदलताना ती हलल्यासारखी दिसते. लक्ष वेधून घेण्याचा याहून सोपा मार्ग नाही, आणि आपल्याला तर नेमकं उलट हवं आहे.

अक्षरांचा आकार किती? इथे थोडा हिशोब मांडू. दोन मीटर रुंद पडद्यावर ही स्लाइड जवळजवळ सहापट मोठी होते. १२ पॉइंटच्या देवनागरी अक्षराची, शिरोरेषेपासून खालपर्यंतची उंची ढोबळमानाने दोन मिलिमीटर धरली, तर पडद्यावर ती सव्वा सेंटिमीटर होईल. आरामात वाचायला अक्षराची उंची अंतराच्या निदान दोनशेव्या भागाएवढी लागते, असा ठोकताळा घेतला, तर ही ओळ अडीच मीटरवरूनच नीट वाचता येईल. म्हणजे पहिली रांग. त्याच हिशोबाने २८ पॉइंटचा मजकूर सहा मीटरपर्यंत पोचतो. हे कळल्यावर बरेच जण घाबरून स्रोताची ओळ १८ पॉइंटची करतात आणि मग स्लाइड भरून गेल्यासारखी वाटते. तसं करायचं कारण नाही. ती ओळ शेवटच्या रांगेसाठी नसतेच. ती फोटो काढणाऱ्यासाठी, नंतर पीडीएफ उघडणाऱ्यासाठी आणि पहिल्या रांगेत बसलेल्या जाणकारासाठी असते. मागच्या रांगेसाठी वक्त्याने तोंडाने सांगावं: ‘हे जनगणनेचे अंतिम आकडे आहेत.’ वाक्य संपायला तीन सेकंद लागतात.

बाराच्या खाली मात्र देवनागरी नेऊ नये. इंग्रजीत १० पॉइंट, कधी ९ पॉइंटसुद्धा चालून जातं, कारण अक्षरं सुटी आणि उघडी असतात. मराठीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, यांच्यासाठी जागा सोडून मूळ अक्षराला उरलेली उंची मिळते. शिवाय जोडाक्षरं. ‘प्रसिद्धी’ किंवा ‘आरोग्य सर्वेक्षण’ १० पॉइंटमध्ये पडद्यावर बघा, जोडाक्षरांच्या जागी गुठळ्या दिसतात. एकाच आकड्याच्या मापात वेगवेगळे फॉन्ट लहान-मोठे दिसतात, त्यामुळे शेवटी भरवसा मापावर न ठेवता डोळ्यांवर ठेवावा. फॉन्ट युनिकोडच घ्यावा, हे आता सांगायची गरज नसावी, पण आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली स्लाइड सभागृहातल्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मोठा मथळा बिघडला की लगेच लक्षात येतं, तो दुरुस्त होतो. तळाची ओळ तशीच राहते, कारण ती कोणी तपासत नाही.

रंगाचंही असंच. स्रोताची ओळ मागे सरकावी म्हणून तिला राखाडी रंग देतात, ते योग्यच. पण किती राखाडी? पांढऱ्यावर `#999999` हा राखाडी लॅपटॉपवर छान दिसतो. त्याचं पांढऱ्याशी प्रमाण तीनास एकपेक्षाही कमी भरतं, तर वाचनीयतेच्या आंतरराष्ट्रीय निकषात साध्या मजकुराला किमान साडेचारास एक हवं. `#767676` त्या उंबरठ्यावर जेमतेम उतरतो. पण सभागृहात खिडकीचा एक पडदा उघडा असतो आणि प्रोजेक्टरचा दिवा थकलेला असतो, तेव्हा उंबरठ्यावरचा रंग उंबरठ्याबाहेर जातो. `#595959` घ्यावा. त्याचं प्रमाण सातास एक आहे आणि तो काळ्या मथळ्यापुढे तरीही मागेच राहतो. ओळ दबवायचं काम आकाराने आणि जागेने होतंच. रंगाने तिला पुसून टाकायचं नसतं.

तळाशी जागा देण्याला एक अडचण आहे, ती आपल्याकडच्या सभागृहांत फार जाणवते. जमीन सपाट, खुर्च्या सपाट आणि पडदा खाली लटकलेला. पुढच्या माणसांच्या डोक्यांआड स्लाइडचा खालचा भाग जातो. ऑनलाइन व्याख्यानात हीच जागा आपोआप उमटणाऱ्या उपशीर्षकांच्या पट्टीखाली झाकली जाऊ शकते. अशा ठिकाणी स्रोताची ओळ उचलून मथळ्याच्या खाली, आलेखाच्या वर ठेवावी. तिथे ती लहानच राहू द्यावी. मथळा मोठा, त्याखाली एका ओळीत ‘दर हजार मुलग्यांमागे मुली, ०–६ वर्षं’ हे एकक, आणि त्याच ओळीत पुढे ‘जनगणना, अंतिम आकडे’. एकक आणि स्रोत शेजारी बसले की दोन ओळींचं काम एका ओळीत होतं. मला स्वतःला ही रचना तळाच्या ओळीपेक्षा जास्त आवडते, फक्त ती सगळ्या स्लाइडवर सारखी ठेवावी लागते.

सारखेपणासाठी पॉवरपॉइंटमध्ये एक जागा आहे आणि बहुतेक लोक तिथे कधी जात नाहीत. `View` मध्ये `Slide Master` उघडायचं, आपण वापरतो तो आराखडा निवडायचा, आणि `Insert Placeholder` मधून मजकुराची एक चौकट तळाला बसवायची. तिचा आकार १२ पॉइंट, रंग राखाडी, बुंदका काढून टाकलेला आणि आत सूचना म्हणून ‘स्रोत:’ असं लिहायचं. त्यानंतर प्रत्येक नव्या स्लाइडवर ही रिकामी चौकट तिच्या जागी आपोआप येते. ती भरली नाही तर सादरीकरणात दिसत नाही, पण तयारी करताना डोळ्यांसमोर राहते आणि आठवण करून देते. प्रत्येक स्लाइडवर हाताने नवी चौकट ओढली तर दहाव्या स्लाइडपर्यंत ती दोन मिलिमीटर वर-खाली झालेलीच असते.

या कामासाठी तयार ‘फुटर’ वापरायचा मोह होतो. तो टाळावा. फुटरमध्ये प्रत्येक स्लाइडचा वेगळा मजकूर लिहिता येतो हे खरं, पण नंतर कधीतरी सहकारी संस्थेचं नाव घालायला `Header & Footer` उघडतो आणि `Apply to All` दाबतो. क्षणात सगळ्या स्लाइडवरचे स्रोत जाऊन तिथे संस्थेचं नाव येतं. फाइल जतन झाली की ते परत येत नाहीत.

दुसरी गळती होते आलेख उचलताना. तुमचा आलेख दुसऱ्या कुणाला हवा असतो. तो नेमका आलेख निवडतो, आपल्या फाइलमध्ये चिकटवतो, आणि तळाची चौकट तुमच्याच स्लाइडवर राहून जाते. यावर उपाय एक्सेलमध्ये आहे. आधी आलेखावर क्लिक करून तो निवडायचा आणि मग मजकुराची चौकट घालायची. अशी चौकट आलेखाचाच भाग होते, आलेख जाईल तिथे जाते. सर्वत्र फिरण्याची शक्यता असलेल्या दोन-तीन मुख्य आलेखांना तरी ही शाल पांघरावी. तिथे मग तळाची वेगळी ओळ नको.

तिसरी गळती नोट्सची. सविस्तर संदर्भ नोट्समध्ये लिहिले, फाइलची पीडीएफ केली आणि सर्वांना पाठवली, तर त्या पीडीएफमध्ये नोट्स नसतात. पीडीएफ जतन करताना `Options` मध्ये `Publish what` या ठिकाणी `Notes pages` निवडलं तरच त्या येतात, आणि मग प्रत्येक पानावर अर्धी स्लाइड व अर्धा मजकूर अशी रचना मिळते. अभ्यासकांना देण्यासाठी ती उत्तम आहे. बाकीच्यांसाठी शेवटची संदर्भ-स्लाइड हवीच.

एका स्लाइडवर दोन स्रोत आले की काय करायचं? जनगणनेच्या शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा ठेवण्याची पद्धत आहे. इथे तळाच्या ओळीपेक्षा आलेखाच्या आतच काम करावं. जनगणनेच्या खांबांखाली ‘जनगणना’, सर्वेक्षणाच्या खांबांखाली ‘सर्वेक्षण’. वर छोटे आकडे घालून तळाला १, २, ३ अशा टिपा देण्याची पुस्तकी पद्धत पडद्यावर त्रास देते, कारण डोळा आलेखावरून तळाला आणि तळावरून आलेखावर फिरत राहतो, तोवर वक्ता पुढे गेलेला असतो. शिवाय या दोन आकड्यांत एक खोच आहे. जनगणना त्या दिवशी हयात असलेल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची मोजणी करते. सर्वेक्षण निवडलेल्या घरांमध्ये विचारून मागच्या पाच वर्षांत झालेल्या जन्मांचं गुणोत्तर देतं. एक मोजणी, दुसरा नमुना. एक हयात मुलांचं, दुसरं जन्मांचं. दोन्ही एका रेषेने जोडली तर आलेख सुबक दिसतो आणि चूक असतो. असा फरक असेल तेव्हा तो तळाच्या बारीक अक्षरांत लपवू नये. मथळ्याखाली, मोठ्या अक्षरांत लिहावा. ‘तात्पुरते आकडे’, ‘फक्त शहरी भाग’, ‘लहान नमुना’ हे शब्द निष्कर्षच बदलतात, त्यामुळे ते स्रोताचे नसून विषयाचे शब्द ठरतात. स्लाइड मोकळी ठेवण्याच्या नादात असा शब्द तळाला ढकलणं, हे मला गर्दीपेक्षाही वाईट वाटतं.

स्रोत न बघता उचललेल्या आकड्याचंही असंच प्रामाणिक नाव द्यावं. वर्तमानपत्रातल्या लेखात जनगणनेचा आकडा वाचला आणि मूळ तक्ता उघडला नाही, तर ‘स्रोत: जनगणना’ लिहिणं खोटं आहे. ‘जनगणना २०११, अमुक दैनिकावरून’ असं लिहावं. हे लिहायची लाज वाटली की माणूस आपोआप मूळ तक्ता उघडून बघतो. ८८३ आणि ८९४ मधला फरक तिथेच सापडतो.

सरकारी आकडे वापरायला परवानगी लागते का, असाही प्रश्न विचारला जातो. केंद्र सरकारच्या `data.gov.in` या संकेतस्थळावरची माहिती २०१७ साली जाहीर झालेल्या खुल्या परवान्याखाली मिळते. वापर फुकट, पण अट अशी की माहिती कोणाची, कुठून घेतली आणि कुठल्या परवान्याखाली, हे पत्त्यासह लिहायचं. अनेक स्रोत एकत्र वापरले आणि सगळे जागेवर लिहिणं शक्य नसेल, तर वेगळ्या पानावर यादी देऊन तिकडे बोट दाखवलं तरी चालतं. म्हणजे आपली दुमजली व्यवस्था परवान्यालाही मान्य आहे.

छायाचित्रांकडे वळलं की सगळ्यात आधी दिसतं ते ‘सौजन्य: गुगल’. गुगलने तो फोटो काढलेला नाही, तो त्याच्या मालकीचाही नाही. त्याने फक्त शोधून दाखवला. ‘सौजन्य: इंटरनेट’ हे त्याचंच थोरलं भावंड. मूळ शोधायला फोटो उलट्या शोधात टाकावा, सर्वांत मोठ्या आकाराची किंवा सर्वांत जुनी प्रत बघावी, आणि छायाचित्रकाराचं नाव मिळालं नाही तर तो फोटो सोडून दुसरा घ्यावा. विकिमीडिया कॉमन्सवर हे काम सोपं असतं. प्रत्येक फोटोच्या पानावर छायाचित्रकार आणि परवाना लिहिलेला असतो, आणि तयार श्रेय-ओळ तिथूनच उचलता येते. ‘सौजन्य: विकिपीडिया’ लिहून मात्र भागत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात श्रेय निर्मात्याला द्यायचं असतं, परवान्याचा उल्लेख करायचा असतो, आणि फोटो कापला, रंग बदलला तर तेही सांगायचं असतं. हे सगळं माध्यमाला साजेशा रीतीने केलं तरी चालतं, अशी मुभाही त्याच परवान्यात आहे. त्यामुळे फोटोच्या कडेला ‘छायाचित्र: अमुक, CC BY 4.0, कापून’ एवढं पुरतं आणि मूळ पानाचा दुवा शेवटच्या स्लाइडवर जातो.

श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली, हा आणखी एक पक्का गैरसमज. ज्या फोटोचे हक्क राखलेले आहेत, त्याखाली मालकाचं नाव कितीही ठळक लिहिलं तरी परवानगीची जागा ते घेत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात काही मोकळीक आहे. पण वर्गातली तीच स्लाइड यूट्यूबवर टाकली की प्रश्न नव्याने सुरू होतो.

पूर्ण स्लाइड व्यापणाऱ्या फोटोवर श्रेय कुठे लिहायचं, याचं उदाहरण म्हणून एक जगप्रसिद्ध छायाचित्र घेऊ. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून विल्यम अँडर्स यांनी चंद्रामागून वर येणारी पृथ्वी टिपली. पर्यावरणावरच्या मराठी सादरीकरणांत ती हमखास पहिल्या स्लाइडवर असते. नासाची छायाचित्रं साधारणतः कॉपीराइटमुक्त असतात, श्रेय देण्याची अपेक्षा असते, आणि नासाचं बोधचिन्ह वापरून तिचा आपल्याला पाठिंबा असल्यासारखं भासवायचं नसतं. या फोटोत वर सगळा काळोख आहे, खाली चंद्राची राखाडी जमीन. श्रेय काळोखाच्या भागात, उजव्या कडेला, उभं फिरवून लिहावं: ‘विल्यम अँडर्स / नासा, १९६८’. अक्षरं फिकट पांढरी. उभ्या ओळीत देवनागरी वाचायला मान वाकडी करावी लागते, म्हणून ती चार-पाच शब्दांपुढे जाऊ नये. काळोख नसेल, म्हणजे फोटोत सगळीकडे झाडं-माणसं भरलेली असतील, तर अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्यावी. तिच्याशिवाय पांढरी अक्षरं पानांच्या चकाकीत विरून जातात. नोट्समध्ये या फोटोचा नासाचा क्रमांक लिहावा, `AS08-14-2383`. त्या क्रमांकावरून मूळ फोटो लगेच मिळतो. तो पाहिल्यावर कळतं की मुळात चंद्राची जमीन उजवीकडे उभी आहे. आपण नेहमी पाहतो तो फोटो फिरवलेला असतो. ‘फिरवून’ हा एक शब्द नोट्समध्ये घालायला हरकत नाही.

हल्ली प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात क्यूआर कोड टाकायची टूम आहे. त्याचा हिशोब केला तर ती लगेच मावळेल. कोड ज्या अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या भागाएवढा रुंद लागतो, असा ठोकताळा आहे. स्लाइडवरचा तीन सेंटिमीटरचा कोड दोन मीटरच्या पडद्यावर १८ सेंटिमीटर होतो, म्हणजे पावणेदोन मीटरवरून वाचता येतो. आठ मीटरवर बसलेल्या माणसासाठी तो पडद्यावर ८० सेंटिमीटर हवा, आणि स्लाइडवर साडेतेरा. १९ सेंटिमीटर उंचीच्या स्लाइडवर एवढा कोड टाकला की आलेखाला जागाच उरत नाही. कोड एकदाच द्यावा, शेवटच्या स्लाइडवर, भरपूर मोठा.

ती शेवटची स्लाइड म्हणजे ‘धन्यवाद’ची स्लाइड नव्हे. आपल्याकडे फुलांच्या चित्रावर ‘धन्यवाद’ लिहून ती लावायची आणि प्रश्नोत्तरं संपेपर्यंत पडद्यावर तशीच ठेवायची रीत आहे. दहा-पंधरा मिनिटं सगळं सभागृह त्या फुलांकडे बघत असतं. त्या जागी संदर्भांची यादी लावावी. डाव्या बाजूला स्लाइडच्या क्रमांकानुसार स्रोत, उजव्या बाजूला मोठा क्यूआर कोड, ज्याच्यामागे सविस्तर यादी आणि मूळ फाइली आहेत. यादी स्लाइडच्या क्रमांकाने द्यावी, लेखकांच्या नावांच्या अकारविल्हे नव्हे. प्रश्न विचारणारा उभा राहतो तेव्हा त्याला लेखकाचं नाव आठवत नसतं. ‘तुम्ही सातव्या स्लाइडवर दाखवलंत ते’ एवढंच त्याला सांगता येतं, आणि मग वक्त्यालाही यादीतल्या सातव्या ओळीवर बोट ठेवून पुढे बोलता येतं.